जुन्या पायऱ्यांना धक्का न लावता रॅम्प: ही पद्धत आली कुठून

जानेवारी 2001 मध्ये व्हीलचेअरवर असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते आणि तिथून पुढे दिल्लीला गेले, तेव्हा त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार वगैरे बघायचे होते, पण व्हीलचेअर जाईल असा रस्ताच नव्हता. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी मागे लागले आणि पुरातत्त्व खात्याने तात्पुरते लाकडी रॅम्प टाकले. अपंगांसाठीचा कायदा 1995 चाच होता, म्हणजे कागदावर सोय आधीच झालेली, हे मला आजही खटकतं. कुतुबमिनारच्या आवारात कायमचे रॅम्प नंतर आले.

त्या लाकडी रॅम्पमधली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ते उचलता येत होते. नाहीतर आपल्याकडची सवय काय, पायऱ्यांवर सरळ काँक्रीट ओतायचं. सिमेंट दगडाला घट्ट धरतं, खाली ओल आणि क्षार अडकतात, दगडाचा पृष्ठभाग सुटायला लागतो आणि पुढे कधी काँक्रीट फोडलं की पायरीचे कोपरे त्याच्यासोबतच निघतात.

रेलिंगचं दुखणं त्याहून जुनं. पूर्वी दगडात भोक पाडून लोखंडी दांडा उभा करायचे आणि शिसं ओतायचे. पाणी आत गेलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फुटतो. दांड्याभोवती तपकिरी ओघळ आणि भोकातून निघालेली केसासारखी चीर दिसली की समजायचं काय चाललंय.

उताराचा 1:12 हा आकडा, म्हणजे 1 सेंमी चढाला 12 सेंमी लांबी, अमेरिकेच्या 1961 च्या मानकात आला आणि आपल्या नियमांतही तोच आहे. आता हे जुन्या वाड्याच्या दारात मोजून बघा: 15 सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंमी चढ, त्याला 5.4 मीटर उतार लागतो, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला दीडेक मीटर सपाट जागा. पेठेतल्या बोळात सरळ एवढी लांबी मिळतच नाही, म्हणून रॅम्प बाजूने जोत्याला समांतर न्यायचा आणि वरच्या सपाट जागेवर दाराकडे वळवायचा.

अशा रॅम्पची स्टीलची सांगाडी स्वतःच्या वजनावर उभी राहते, पायांखाली रबराच्या चकत्या द्यायच्या, जोत्यापासून बोटभर फट ठेवायची म्हणजे पाणी निघून जातं आणि झाडताही येतं. रेलिंगचे खांब या सांगाडीलाच जोडायचे, 76 आणि 90 सेंमीवर दोन दांडे, दगडात एकही भोक नाही. उंबरा 5 सेंमी उंच असेल तर दोन्ही बाजूंना 60-60 सेंमीचे सुटे लाकडी उतार ठेवायचे, त्यांची कड उंबऱ्याच्या माथ्याला समपातळीत यायला हवी. उंबरा तासून सपाट करा असं सांगणारा गवंडी हमखास भेटतो, त्याला तिथेच थांबवायचं, कारण तासलेला दगड परत येत नाही.