पक्ष कोणाचा, हे अध्यक्षांनी ठरवायचं: पक्षांतरबंदीची पार्श्वभूमी

जून २०२२ मध्ये कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे सुरतला गेले, तेव्हापासून ठाण्यात एक प्रश्न सतत विचारला जातो. एवढे आमदार शिवसेनेपासून वेगळे झाले, तरी एकाचीही आमदारकी कशी गेली नाही?

१९६७ मध्ये हरियाणाचे गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आया राम, गया राम' ही म्हण रूढ झाली. पक्षांतरावर उपाय सुचवण्यासाठी यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९८५ उजाडलं. ५२व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेश मोडून मतदान केलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाते. स्वेच्छेने पक्ष सोडण्यासाठी राजीनामा द्यावाच लागतो असं नाही, पक्ष सोडल्याचं वागण्यावरूनही दिसू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं.

मात्र मूळ कायद्यात एक मोठी पळवाट होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती 'फूट' ठरे आणि कोणीही अपात्र होत नसे. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळांनी शिवसेना सोडली, तेव्हा ५२ आमदारांच्या पक्षात १८ हा आकडा म्हणूनच निर्णायक होता. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. उरलं ते विलीनीकरण: दोन तृतीयांश आमदारांच्या संमतीने दुसऱ्या पक्षात जाणं.

शिंदे गटाकडे ५५ पैकी ३७ आमदार होते, म्हणजे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त. पण त्यांना दुसऱ्या पक्षात जायचंच नव्हतं. फूट हा बचाव संपलेला होता, म्हणून 'मूळ शिवसेना आम्हीच' एवढाच दावा उरत होता. त्यामुळे निकाल एकाच मुद्द्यावर येऊन थांबला: पक्ष कोणता आणि पक्षादेश काढणारा त्याचा प्रतोद कोण?

हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे विधानसभा अध्यक्ष. अध्यक्षांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असं १९९२ मध्ये ठरलं, पण ती निर्णय झाल्यानंतर. आणि निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे परिशिष्टात कुठेच लिहिलेलं नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मुदत योग्य मानली. शिंदे प्रकरणात घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असं स्पष्ट केलं आणि अध्यक्षांना वाजवी वेळेत निर्णय देण्यास सांगितलं. तरीही न्यायालयाला अंतिम तारीख घालून द्यावी लागली.

१० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी विधिमंडळातलं बहुमत पाहून शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली. मग ठाकरे गटाच्या प्रतोदाचा आदेश शिंदे गटावर लागू झाला नाही, आणि शिंदे गटाचा आदेश ठाकरेंच्या आमदारांना रीतसर पोहोचलाच नाही, म्हणून तेही वाचले. दोन्ही बाजूंचं कोणीही अपात्र झालं नाही. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मिळणारं संरक्षण २००३ च्या दुरुस्तीने काढून घेतलं होतं. संख्येवरूनच पक्ष ठरवला, तर एक तृतीयांशाची बंद केलेली वाट बहुमताच्या नावाने पुन्हा उघडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूक होऊन त्या विधानसभेची मुदतही संपली.