लोह-कार्बन आकृतीवरून पोलादाची सूक्ष्मरचना ओळखणे

पोलाद लालबुंद होईपर्यंत तापवून भट्टीतच सावकाश निवू दिले, तर गार झाल्यावर त्यात कोणते घटक किती प्रमाणात असतील, हे लोह-कार्बन प्रावस्था आकृतीवरून आधीच सांगता येते. आकृतीच्या आडव्या अक्षावर कार्बनचे वजनी टक्के असतात आणि उभ्या अक्षावर तापमान. आकृती दिसायला गुंतागुंतीची वाटते. पण पोलादाचे काम तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात भागते, आणि तो कोपरा एकदा नीट कळला की बाकीची आकृती कधीही समजून घेता येते.

या कोपऱ्यातल्या सगळ्या घडामोडींचे मूळ एका गोष्टीत आहे. लोखंड तापमानाप्रमाणे आपल्या अणूंची मांडणी बदलते. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या खाली फेराइट या रूपात असते आणि त्याच्या वर ऑस्टेनाइट होते. ऑस्टेनाइटमध्ये अणू अधिक दाटीने बसलेले असले, तरी त्यांच्यामधल्या एकेका पोकळीचा आकार मोठा असतो. त्यामुळे कार्बनचा छोटा अणू तिथे सामावतो. फेराइटमध्ये त्याला जवळपास जागाच नसते : ७२७ अंशांवर फेराइट जेमतेम ०.०२२ टक्के कार्बन घेऊ शकते, तर त्याच तापमानाला ऑस्टेनाइट ०.७६ टक्के. निवताना ऑस्टेनाइटचे फेराइट होऊ लागले की कार्बनला दुसरीकडे जावे लागते. तो कुठे जातो, हे पाहणे म्हणजेच आकृती वाचणे.

उदाहरणासाठी ०.४० टक्के कार्बनचे पोलाद घेऊ. कारखान्यांत आजही ज्याला ‘ईएन ८’ म्हणतात आणि ज्यातून शाफ्ट, बोल्ट, स्टड बनतात, त्याच्या जवळपासचे हे पोलाद. आडव्या अक्षावर ०.४० वर पट्टी ठेवून सरळ उभी रेघ मारायची आणि तिच्यावरून वरून खाली यायचे. तुकड्यातला एकूण कार्बन निवताना बदलत नाही, म्हणून ही रेघ शेवटपर्यंत उभीच राहते.

८५० अंशांवर रेघ ऑस्टेनाइटच्या क्षेत्रात आहे. तिथे फक्त ऑस्टेनाइटचे कण आहेत आणि कार्बन त्यांत सारखा पसरलेला आहे. साधारण ७९० अंशांच्या आसपास रेघ पहिली सीमा ओलांडते. आता ऑस्टेनाइटच्या कणांच्या कडांवर फेराइट उगवू लागते, आणि त्याला नको असलेला कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये ढकलला जातो. तापमान उतरत जाते तसे फेराइट वाढते, ऑस्टेनाइट आक्रसते आणि त्यातला कार्बन दाट होत जातो. ७२७ अंशांच्या किंचित वर पोचेपर्यंत तो ०.७६ टक्क्यांवर आलेला असतो.

याच जागी थांबून प्रमाण काढायचे. त्यासाठी तरफेचा नियम वापरतात. ७२७ अंशांच्या लगेच वर एक आडवी रेघ काढा. तिचे डावे टोक ०.०२२ वर फेराइटला टेकते आणि उजवे ०.७६ वर ऑस्टेनाइटला. आपले ०.४० हा तरफेचा टेकू. ज्या घटकाचे प्रमाण हवे, त्याच्या समोरच्या बाजूची भुजा घ्यायची आणि पूर्ण लांबीने भागायची :

फेराइट = (०.७६ − ०.४०) ÷ (०.७६ − ०.०२२) = ०.४९

म्हणजे ४९ टक्के फेराइट आणि ५१ टक्के ऑस्टेनाइट. विद्यार्थी जवळची भुजा घेऊन बसतात तेव्हा उत्तर उलटे येते. या उदाहरणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असल्याने ती चूक लक्षातही येत नाही. ताळा सोपा आहे : कार्बन जितका कमी, तितके फेराइट जास्त निघाले पाहिजे.

७२७ अंशांच्या खाली उतरले की त्या ५१ टक्के ऑस्टेनाइटचे एकदमच विघटन होते. कार्बनला आता फेराइटबाहेर दुसरा आसरा उरलेला नसतो, म्हणून तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट (Fe₃C) बनवतो. सिमेंटाइट कठीण पण ठिसूळ असते आणि त्यात ६.६७ टक्के कार्बन असतो. कार्बनला फार लांब सरकायला वेळ नसल्याने फेराइट आणि सिमेंटाइट शेजारीशेजारी पातळ पापुद्र्यांनी वाढतात. या पापुद्र्यांच्या रचनेला पर्लाइट म्हणतात. नाव शिंपल्याच्या आतल्या मोतिया झळाळीवरून आले. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात पोलाद घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना ती झळाळी दिसली होती.

इथे एक घोळ हमखास होतो. प्रावस्था म्हणजे आतून सगळीकडे एकाच अणुमांडणीचा घटक. पर्लाइट ही स्वतंत्र प्रावस्था नाही, ती दोन प्रावस्थांची मिळून झालेली रचना आहे. म्हणून आकृतीवर पर्लाइटचे वेगळे क्षेत्र शोधून सापडत नाही. ७२७ च्या खाली तरफ लावली, तर तिचे उजवे टोक ६.६७ वर जाते आणि उत्तर येते ९४ टक्के फेराइट, ६ टक्के सिमेंटाइट. हेही बरोबरच आहे, पण त्यात पर्लाइटमधले फेराइटही मोजलेले आहे. डोळ्यांना काय दिसेल हे हवे असेल, तर हिशेब ७२७ च्या वरच करावा लागतो.

तुकडा कापून, एमरी कागदांवर घासून, आरशासारखा पॉलिश करून नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लात, काही सेकंद बुडवला की हिशेब नजरेसमोर येतो. शंभरपट मोठे करून पाहिल्यास अर्धा भाग पांढरा आणि अर्धा काळपट दिसतो. पांढरे ते आधी सुटलेले फेराइट, काळपट ते पर्लाइट. चारपाचशे पटींवर काळपट भागातल्या रेघा सुट्या दिसू लागतात. दोन्ही घटकांची घनता जवळपास सारखी असल्याने दिसणारे क्षेत्रफळ वजनी प्रमाणाशी बऱ्यापैकी जुळते.

त्यामुळे उलटा हिशेबही करता येतो : पर्लाइट मोजून कार्बन सांगायचा. मात्र तिथेच आकृतीची मर्यादा आडवी येते, कारण तिच्यात वेळ नाही. समजा, नमुन्यात ७० टक्के पर्लाइट दिसले. सूत्राने कार्बन ०.५४ टक्के येतो, पण रासायनिक तपासणीत मात्र ०.४० निघतो. बहुधा तुकडा भट्टीत न निवता हवेत निवलेला असतो. फेराइटला सुटायला पुरेसा वेळ मिळाला नाही, आणि ०.७६ पेक्षा कमी कार्बनच्या ऑस्टेनाइटचेही पर्लाइट झाले. रेघा नेहमीपेक्षा बारीक दिसत असतील, तर हे निदान पक्के समजावे. शिवाय ईएन ८ मध्ये पाऊण टक्क्याच्या आसपास मँगेनीज असते आणि ते ०.७६ चा बिंदू डावीकडे सरकवते. म्हणून भट्टीत निवलेल्या तुकड्यातही पर्लाइट हिशेबापेक्षा थोडे जास्तच भरते. केवळ कडेलगत पांढरा पट्टा दिसला, तर तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन जळून गेला आहे असे समजावे. कडेवरून कार्बन कधीही मोजू नये.

०.७६ च्या उजवीकडे हीच रीत लागू पडते, फक्त आधी सुटणारा घटक बदलतो. १.२ टक्के कार्बनच्या पोलादात कणांच्या कडांवर फेराइटऐवजी सिमेंटाइट जमते. ते भरते अवघे ७ टक्के, पण पर्लाइटच्या कणांभोवती जाळ्यासारखे सलग पसरते आणि तडा त्याच वाटेने धावतो. असे पोलाद म्हणूनच वरच्या सीमेपलीकडून सावकाश निववत नाहीत. जाळे आधीच तयार झालेले असेल, तर ते पुन्हा तापवून विरघळवतात आणि तुकडा हवेत निववतात.