नाकाखालची सावली

केनेडींच्या हत्येनंतर दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, डॅलस पोलिसांनी त्या हत्येचा आरोपी ली हार्वी ओसवाल्ड याला एक फोटो दाखवला. त्यात तो परसात, हातात रायफल घेऊन उभा होता. ओसवाल्ड म्हणाला, चेहरा माझा आहे, पण धड माझं नाही. कुणीतरी जोडून दिलंय. त्याच्या पुढच्याच दिवशी तो स्वतः मारला गेला. फोटो मात्र २१ फेब्रुवारी १९६४च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि घरोघरी भिंग लावून पाहिला जाऊ लागला.

संशय घेणाऱ्यांचं बोट एकाच जागी जायचं. नाकाची सावली सरळ खाली, वरच्या ओठावर पडली आहे, म्हणजे सूर्य डोक्यावर असणार. पण शरीराची सावली जमिनीवर मागे तिरकी गेली आहे, म्हणजे सूर्य बाजूला असणार. एका फोटोत दोन सूर्य कसे? तर्क इतका सोपा, की ऐकणारा लगेच मान डोलावतो.

एफबीआयचे तज्ज्ञ लिंडल शेनीफेल्ट यांनी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरेन आयोगापुढे निगेटिव्हच्या कडा आणल्या. कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या चौकटीच्या बारीक खाचा निगेटिव्हच्या कडेवर उमटतात, आणि त्या ओसवाल्डच्या ‘इम्पीरियल रिफ्लेक्स’ कॅमेऱ्याशी जुळल्या. पुरावा भक्कम होता, पण लोकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. लोक सावलीबद्दल विचारत होते. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने तज्ज्ञमंडळ बसवलं. बनावटगिरीची खूण सापडली नाही, असं त्यांनीही सांगितलं. वाद थांबला नाही.

या वादामुळे पुढे आलेला खरा प्रश्न असा: सावली ‘चुकीची’ आहे हे आपण ठरवतो तरी कशावरून? सहसा आपण फोटोवर मनातल्या मनात बाण काढतो आणि बाण एका दिशेने आहेत का, ते पाहतो. ही पद्धतच मुळात चुकीची आहे. जमीन उतरती झाली की सावली वळते, लांबते, तुटते. आणि अगदी सपाट जमिनीवरच्या समांतर सावल्याही फोटोत समांतर दिसत नाहीत. रेल्वेचे रूळ दिसतात तशाच त्या एका बिंदूकडे धावतात. चंद्रावरच्या अपोलो फोटोंवर ‘स्टुडिओतले दिवे’ म्हणून जो आरोप होतो, त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे.

मग न बदलणारं काय? प्रकाश सरळ जातो. खांबाचं टोक, त्या टोकाची सावली आणि दिवा हे तिन्ही एका रेषेत असतात, आणि कॅमेरा सरळ रेषेचं चित्र सरळच काढतो. त्यामुळे फोटोतही सावलीचा बिंदू आणि तो पाडणारा बिंदू जोडून रेषा लांबवली की ती प्रकाशस्रोताच्या प्रतिमेतून गेलीच पाहिजे. सावली खड्ड्यात पडो, भिंतीवर चढो, फरक पडत नाही. चित्रकलेत यथार्थदर्शन शिकवताना ही गोष्ट शतकानुशतकं वापरात आहे, फक्त उलट दिशेने: तिथे सूर्याचा बिंदू आधी ठरवून सावली काढतात.

प्रत्यक्षात करून पाहू. मोकळ्या मैदानावर खांबाशेजारी तीन माणसं उभी आहेत, सूर्य समोर पण चौकटीबाहेर, वर डावीकडे. पहिलं काम म्हणजे फोटोच्या वर आणि बाजूला भरपूर कोरी जागा जोडणं, कारण रेषा भेटणार त्या बाहेरच. मग ज्यांची जोडी बिनचूक लागते असेच बिंदू घ्यायचे. खांबाचं टोक आणि सावलीचं टोक. पहिल्याच्या टोपीचा कोपरा आणि त्याची सावली. दुसऱ्याच्या बाहेर काढलेल्या कोपराचं टोक. या तीन रेषा वर डावीकडे एका छोट्या भागात येऊन भेटतात. आता तिसऱ्याच्या बोटाचं टोक घेतलं, तर रेषा उजवीकडे झुकते आणि कितीही लांबवली तरी त्या भागाजवळ फिरकत नाही. गंमत म्हणजे त्याची सावली जमिनीवर शेजाऱ्याच्या सावलीला छान समांतर दिसू शकते. तिसरा माणूस मागाहून जोडलेला असतो, आणि जोडणाऱ्याने ती सावली डोळ्यांच्या अंदाजानेच रंगवलेली असते.

सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर रेषा दुसऱ्या टोकाला, खाली भेटतात: जिथे कॅमेऱ्याची स्वतःची सावली पडेल त्या बिंदूवर. हे न कळल्याने चांगल्या फोटोंना खोटं ठरवलेलं मी पाहिलं आहे. दुसरी चूक म्हणजे वस्तू आणि सावली अगदी जवळजवळ असलेली जोडी घेणं. दोन बिंदूंतलं अंतर कमी असलं की चार-पाच पिक्सेलच्या चुकीने रेषा भलतीकडे जाते. वाइड अँगल लेन्सने कडेच्या रेषा वाकवल्या असतील, तर ते आधी सरळ करावं लागतं.

खरी अडचण असते ती जोड्यांची. गोल खांद्याच्या सावलीचा नेमका कुठला बिंदू खांद्याच्या कुठल्या बिंदूचा? एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २०१३ मध्ये यावर मार्ग काढला. नेमका बिंदू माहीत नसेल तर सांगायचाच नाही. ‘या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी’ एवढंच सांगायचं. मग रेषेऐवजी पाचर मिळते: प्रकाश या पाचरीत कुठेतरी आहे. नाक, गाल, खांदा यांच्यावरच उजेड आणि अंधार जिथे मिळतात, ती सीमाही कामाची आहे. ती सांगते, दिवा रेषेच्या या बाजूला आहे, त्या बाजूला नाही. सगळ्या पाचरी एकमेकींवर ठेवल्या की एखादी सामाईक जागा उरते किंवा उरत नाही. उरली नाही, तर काहीतरी जोडलेलं आहे. १९६९च्या चंद्रावरच्या फोटोत जागा उरली.

त्याआधी, २००५ मध्ये, फरीद आणि मायका जॉन्सन यांनी सावली नसलेल्या फोटोंसाठी वेगळी वाट धरली होती. माणसाच्या बाह्यरेषेवर पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते नक्की माहीत असतं, कारण तिथे तो कॅमेऱ्याकडे कललेला नसतो. त्या कडेने उजेड कसा कमी-जास्त होतो, यावरून दिवा कुठल्या बाजूला होता ते काढता येतं. शेजारी उभ्या दोघांची उत्तरं फार वेगळी आली, तर शंका घ्यायची. २००७ मध्ये त्यांनी हेच काम डोळ्यांतल्या चमकेवरून केलं.

त्याच २००५ साली ओस्ट्रोव्स्की, कॅव्हानाह आणि सिन्हा यांनी दाखवलं की एकाच बाजूने उजळलेल्या वस्तूंमधली एखादी दुसऱ्या बाजूने उजळली, तरी वस्तू वेगवेगळ्या कोनांत ठेवल्या असतील तर माणसांना ती सहज सापडत नाही. म्हणजे ‘मला सावली खटकली’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी कुचकामी: खोटं खटकत नाही आणि खरं खटकतं.

ओसवाल्डच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. २००९ मध्ये फरीद यांनी त्याच्या डोक्याचं, शरीराचं आणि परसाचं त्रिमितीय प्रारूप करून त्यावर एकच प्रकाश सोडला. नाकाची सावली ओठावर सरळ पडली आणि शरीराची मागे तिरकी गेली. नाकाची सावली आखूड, ती वळणदार ओठावर पडते आणि डोकं थोडं कललं-वळलं की तिची दिसणारी दिशा बदलते. तिला जमिनीवरच्या लांब सावलीशी घड्याळाच्या काट्यासारखं जुळवून पाहणं, ही चूक ४५ वर्षं चालली.

सामाईक जागा उरली म्हणजे फोटो खरा, असं मात्र फरीदही म्हणत नाहीत. दुपारी एकाच बाजूने ऊन असलेले दोन फोटो निवडून जोडले, तर पाचरी निमूट जुळतात. ढगाळ दिवशी मोजायला सावलीच नसते. आणि दोन दिवे लावलेल्या खोलीत रेषा दोन ठिकाणी भेटणारच. तिथे आधी कुठली सावली कुठल्या दिव्याची, ते एकेक वेगळं काढावं लागतं.