अपूर्ण भूतकाळ: ‘होता, होती, होते’ यांचा कर्त्याशी मेळ

भूतकाळात चालू असलेली क्रिया सांगताना धातूला ‘-त’ लावून पुढे ‘असणे’चे भूतकाळी रूप येते: वाचत होता, धावत होती. हे रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. क्रियापद सकर्मक असले तरी कर्माकडे पाहायचे नाही. ‘सीतेने आंबा खाल्ला होता’ यात रूप आंब्याप्रमाणे आले. ‘सीता आंबा खात होती’ यात सीतेप्रमाणे.

गोंधळ होतो तो एकाच रूपाला अनेक घरे असल्यामुळे. ‘होती’ स्त्रीलिंगी एकवचनाचे (मुलगी खेळत होती) तसेच नपुंसकलिंगी अनेकवचनाचे (मुले खेळत होती). ‘होते’ पुल्लिंगी अनेकवचन (मुलगे), आदरार्थी पुरुष (सर), नपुंसकलिंगी एकवचन (पाणी) आणि स्वतःविषयी बोलणारी स्त्री (मी जात होते) या चौघांचे. स्त्रीलिंगी अनेकवचनाला व आदराला मात्र ‘होत्या’ लागते आणि घाईत तेच सुटते.

हा परिच्छेद पाहा: ‘अंगणात मुले खेळत होते. आजोबा पेपर वाचत होता. विहिरीवर बायका पाणी शेंदत होती. रहाटाचा आवाज येत होता.’ संगणकाचा साधा शुद्धलेखन तपासक येथे काहीच दाखवणार नाही, कारण प्रत्येक शब्द सुटा बरोबर आहे. म्हणून प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तराला ‘तो, ती, ते, त्या’पैकी काय लागते ते म्हणून बघावे. ‘ती मुले’, म्हणून होती. ‘ते आजोबा’, म्हणून होते. ‘त्या बायका’, म्हणून होत्या. चौथे वाक्य निर्दोष आहे. येत होता तो आवाज, रहाट नव्हे.

कर्ता व क्रियापद यांत अंतर पडले की जवळचे नाम रूप ओढून घेते. ‘झाडावरच्या माकडांचे टोळके ओरडत होते’ हे बरोबर, पण ‘टोळके’च्या जागी ‘टोळी’ घातली की ‘माकडांची टोळी ओरडत होती’ असेच हवे; माकडांचा संबंध नाही.

‘होते’ नपुंसकलिंगी एकवचनाचे आहे का, हे कानाने कळते. बोलताना ‘पाणी वाहत होतं’ सहज येते, ‘ढग जमत होतं’ कधीच येत नाही. लेखात ‘होते’ किंवा ‘होतं’ यांपैकी एकच शैली राखावी.

‘कोण?’चा प्रश्न एका ठिकाणी फसवतो. ‘तिला ताप येत होता’ यात अनुभवणारी ती असली तरी तिला ‘ला’ प्रत्यय लागला आहे. रूप प्रत्यय नसलेल्या ‘ताप’शी जुळते. अशा वाक्यात ‘काय येत होता?’ असे विचारले की उत्तर मिळते. तसेच ‘आम्हाला दिवे दिसत होते’, पण ‘आम्हाला शिखरे दिसत होती’.