देवनागरी फॉन्ट-रूपांतर व अक्षरदुरुस्ती

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेला देवनागरी मजकूर युनिकोड दस्तऐवजात चिकटवल्यावर विस्कटतो. तो मूळ वाचनीय रूपात आणण्याच्या प्रक्रियेला फॉन्ट-रूपांतर म्हणतात. भारतीय मानक संस्थेची इस्की संकेतप्रणाली (आय. एस. १३१९४) आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ च्या. तरीही मुद्रण व कार्यालयीन कामांत कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे फॉन्ट त्यानंतर दीर्घकाळ, साधारणतः एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत आणि काही ठिकाणी त्यापुढेही, वापरात राहिले.

या फॉन्टांत अक्षर साठवलेले नसते, त्याचा आकार साठवलेला असतो. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असतो आणि रोमन खुणांच्या जागी देवनागरी तुकडे रेखाटलेले असतात. कृतिदेव ०१० मध्ये `ejkBh` या खुणा ‘मराठी’ अशा दिसतात. फॉन्टची माहिती गळून पडली की मागे खुणा तेवढ्या उरतात. म्हणून मजकूर साध्या मजकूर-संपादकात नेण्याआधीच रूपांतर करणे इष्ट. मिश्र दस्तऐवजातील खरे इंग्रजी शब्द कोणते, हे त्यानंतर सहज ओळखता येत नाही.

खुणांच्या जागी अक्षरे घालण्याचे कोष्टक वापरताना क्रम महत्त्वाचा असतो. ‘थ’ हे अक्षर `F` (अर्धा थ) आणि `k` (काना) या दोन खुणांनी बनते. सुट्या `k` चा काना आधी केला तर ‘थ्ा’ असे मोडके रूप तयार होते. त्यामुळे `Fk` सारख्या जोड्या आधी बदलतात आणि सुट्या खुणा नंतर.

खरी अडचण पहिल्या वेलांटीची. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, म्हणजे अक्षराआधी, साठवली जाते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, व्यंजनानंतर. ‘स्थिती’ हा शब्द कृतिदेवमध्ये `fLFkrh` असा असतो. `f` वगळून बाकी खुणा बदलल्या की ‘fस्थती’ उरते. येथे वेलांटी केवळ एका व्यंजनापुढे सरकवली तर ‘सि्थती’ होते. तिला संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे लागते:

```
शोध:  f((?:[क-ह]्)*[क-ह])
बदल:  \1ि
```

रफाराचा प्रवास याच्या उलट दिशेने होतो. ‘वर्षे’ हा शब्द `o"ksZ` असा असतो, म्हणजे रफाराची खूण `Z` मात्रेच्याही नंतर येते. रूपांतरात ती मागे नेऊन मात्रा व ‘ष’ ओलांडून ‘र्’ म्हणून ठेवावी लागते. याच शब्दातील सरळ अवतरणचिन्ह हा अर्धा ष आहे. शब्दप्रक्रियकाने ते आपोआप वक्र केले असेल तर कोष्टकात जुळणी सापडत नाही आणि ‘ष’ हरवतो.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग म्हणजे ‘दऱ्या’, ‘वाऱ्याने’ यांतील अर्धा र. हिंदी मजकूर समोर ठेवून केलेल्या कोष्टकांत त्याची बहुधा सोय नसते. तो रफार बनला की डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात, आणि शब्दलेखन-तपासकाला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. अशा जागा वाचूनच शोधाव्या लागतात. हा र लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एकीत ऱ (U+0931) आणि हलन्त चिन्ह येते. दुसरीत साधा र, हलन्त चिन्ह आणि अदृश्य जोडक (U+200D). दुसरी पद्धत युनिकोडने जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून मान्य ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसत असल्या तरी प्रमाणीकरणाने त्या एकरूप होत नाहीत, आणि एकीचा शोध घेतल्यास दुसरी सापडेलच असे नाही. अदृश्य जोडक नकलताना वा मजकूर ‘स्वच्छ’ करताना गळतो आणि गळला की पुन्हा रफार उमटतो. हे पाहता पहिली पद्धत अधिक टिकाऊ म्हणावी लागते.

तुटलेले अक्षर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावरून ओळखू येते. मात्र ‘अ’ला वेगळा काना जोडून झालेला ‘अा’ काही प्रणालींत अस्सल ‘आ’सारखाच दिसतो आणि शोधात मात्र निसटतो. अशा जागा पुढील नमुन्याने सापडतात:

```
[्अ-औ\s][ािीुूृेैोौ]
```

हलन्त चिन्ह, स्वर किंवा मोकळी जागा यांना लागून आलेली स्वरचिन्हे त्यात पकडली जातात. चुकीचा रफार त्यात येत नाही.