डोळे सरळ, तरी एक मागे: लहान मुलांचा आळशी डोळा

मूल तिरळं पाहत असेल तर ते घरच्यांच्या लगेच लक्षात येतं. मेंदूने दुर्लक्ष केल्यामुळे ज्याची नजर मागे पडते तो आळशी डोळा. त्याच्या एका प्रकारात मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे सरळ असतात, मूल धावतं, चित्रं रंगवतं, टीव्ही पाहतं, कारण एक डोळा सगळं काम निभावून नेत असतो. दुसरा मागे पडतो तो दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असल्यामुळे.

समजा, पाच वर्षांच्या एका मुलीचा उजवा नंबर प्लस १ आहे आणि डावा प्लस ४. लहान वयात डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, त्यामुळे थोडा प्लस नंबर मुलं भिंगावर ताण देऊन भरून काढतात. पण हा ताण मेंदू दोन्ही डोळ्यांना सारखाच देतो. उजव्याला स्पष्ट दिसलं की तो तिथेच थांबतो आणि डाव्यात तीन नंबरांचा धूसरपणा शिल्लक राहतो. फळा असो वा पुस्तक, डाव्या डोळ्याला स्पष्ट चित्र कधी मिळतच नाही. हाच डोळा मायनस ३ चा असता तर निदान हातातली वस्तू त्याला नीट दिसली असती. म्हणून प्लस नंबरातला फरक मला जास्त काळजीचा वाटतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. पापणी उघडल्यावर डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या पेशी त्या डोळ्याला जवळपास प्रतिसादच देत नव्हत्या. त्यांच्या जोडण्या दुसऱ्या डोळ्याकडे गेल्या होत्या. मोठ्या मांजरांत असं घडलं नाही. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. मुलांतही या जोडण्या सुरुवातीच्या वर्षांत सहज बदलतात, आणि साधारण सात वर्षांच्या आत उपचाराला सर्वांत चांगलं यश येतं. पुढेही सुधारणा होते, पण ती कमी मुलांत आणि सावकाश.

तपासणीआधी डॉक्टर डोळ्यात घालायला थेंब किंवा अ‍ॅट्रोपिनचं मलम देतात, कारण भिंगाचा ताण सैल झाल्याशिवाय खरा प्लस नंबर सापडत नाही. काही दिवस उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं, ते ओसरतं. ताप आला किंवा चेहरा लालबुंद झाला तर मात्र मलम थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा.

आता चष्मा येतो आणि पालक निराश होतात, कारण चष्मा लावूनही डाव्या डोळ्याला वरच्या मोठ्या ओळीच वाचता येतात. नंबर चुकला असं वाटून काही जण चष्मा कपाटात ठेवून देतात. खरं तर चष्म्यामुळे डोळ्यातल्या पडद्यावर आता कुठे स्पष्ट चित्र पडू लागलेलं असतं. ते वाचायला मेंदूला तीन-चार महिने लागतात. नंबरांच्या फरकामुळे आळशी झालेल्या डोळ्यांपैकी साधारण चारातला एक तर नुसत्या चष्म्याने, पट्टीशिवाय, बरोबरीला येतो. अट एकच, चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत हवा.

सुधारणा अडली की पट्टी येते, ती चांगल्या डोळ्यावर, म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याला काम करावंच लागतं. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यात रोज दोन तास पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २००३ मध्ये दिसलं. नजर फारच कमी असेल तर डॉक्टर जास्त तास सांगतात.

खरी अडचण हे दोन तास पाळण्याची असते. पट्टी लावली की मुलाला धूसर दिसू लागतं, म्हणून ते चिडतं. तो हट्ट नाही. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, थेट त्वचेवर चिकटवा आणि वर चष्मा घाला. काचेवर लावली तर मुलं नाकाच्या बाजूने हमखास डोकावतात. मान वाकडी करून पाहत असेल तर फट शोधा. रोज एकच ठरलेली वेळ ठेवा, शक्यतो घरातली, आणि त्या वेळात शेंगा सोलणं, मणी ओवणं, रंगवणं असं आवडीचं काम द्या. सुरुवातीला अभ्यास नको, अक्षरं न दिसल्याने मूल पट्टीचाच राग धरतं. काढताना कडा पाण्याने भिजवा. त्वचा लाल झाली तर रोज थोडी जागा बदला. पट्टी अजिबातच टिकत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन घालून तो धूसर करण्याचा पर्याय आहे, तो डॉक्टरांना विचारा.

ठरल्यापेक्षा जास्त तास मनाने वाढवू नका. झाकलेल्या डोळ्याची नजरही घसरू शकते, म्हणून दर तपासणीत दोन्ही डोळे मोजले जातात. डावा बरोबरीला आला तरी प्लस ४ नंबर तसाच असतो, त्यामुळे चष्मा सुटत नाही. पट्टी बंद केल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा थोडी उतरते. म्हणून डॉक्टर तास हळूहळू कमी करतात, आणि पट्टी सुटल्यावरही निदान वर्षभर तपासणीला बोलावत राहतात.