शेवटी तात्पर्य का असते?

«एक बोधकथा स्वतःच्या शब्दांत, साध्या भूतकाळात लिहा आणि शेवटी तात्पर्य द्या.» नुकते लिहायला शिकणाऱ्यांना हमखास दिला जाणारा हा सराव कुणा आधुनिक पाठ्यपुस्तककाराच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास आहे, आणि सुरुवातीला तो बालवर्गासाठी नव्हताच.

ग्रीक-रोमन शिक्षणात व्याकरण संपवून वक्तृत्वाकडे वळणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीच्या अभ्यासांची एक चढती मालिका होती. तिला प्रोजिम्नास्माता म्हणत. त्यावरचे हाती आलेले सर्वांत जुने पुस्तक अलेक्झांड्रियाच्या थिऑनचे मानले जाते, साधारण इ.स. पहिल्या शतकातले. पुढे चौथ्या शतकात अफ्थोनियसने याच अभ्यासांचे आटोपशीर पुस्तक केले आणि पहिलाच धडा बोधकथेचा ठेवला. नमुन्याला त्याने मुंग्या आणि रातकिड्यांची गोष्ट दिली. शतकानुशतके हेच पुस्तक चालत राहिले. थिऑनची बोधकथेची व्याख्या मला आजही पुरेशी वाटते: सत्याचे चित्र दाखवणारी खोटी गोष्ट.

सराव नेमका काय करायचा, हे थिऑनच्याच, म्हणजे पहिल्या शतकातल्या रोमन वक्तृत्वशिक्षक क्विन्टिलियनने पायरीपायरीने सांगितले आहे. आधी मुलाने गोष्ट साध्या, शुद्ध भाषेत तोंडी सांगायची आणि मग तशीच लिहायची. गोष्ट पद्यात असेल तर आधी तिचा छंद मोडायचा, नंतर शब्द बदलायचे, आणि त्यानंतरच थोडे मोकळे होऊन कुठे आटपायचे, कुठे फुलवायचे. मात्र मूळ अर्थ हलता कामा नये. हेही धड जमले, तर मूल पुढचे काहीही शिकू शकेल, असे तो म्हणतो. «स्वतःच्या शब्दांत» ही आजची सूचना इथूनच चालत आलेली आहे.

फुलवायचे म्हणजे काय, ते ग्रीक वक्तृत्वशिक्षक हर्मोजेनिसच्या नावावर असलेल्या पुस्तकात एका गोष्टीवर करून दाखवले आहे. माकडांनी शहर वसवायचे ठरवले. एका म्हाताऱ्या माकडाने त्यांना थांबवले, कारण तटबंदीच्या आत ती सहज पकडली गेली असती. गोष्ट इतकीच. ती लांबवायची तर नवी घटना घालायची नाही, माकडांच्या तोंडी भाषण घालायचे. आजही गोष्ट लांबवताना नवशिके नेमके उलटे करतात: संवाद टाळतात आणि नवनवे प्राणी आणतात.

आता भूतकाळाकडे. कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट ग्रीक गद्य संग्रहात जेमतेम दोन-तीन वाक्यांची आहे. मराठीत ती अशी उतरते: भुकेल्या कोल्ह्याला वेलीवर लोंबणारे द्राक्षांचे घोस दिसले. ते मिळवावेत असे त्याला वाटले, पण जमेना. निघताना तो स्वतःशीच म्हणाला, «कच्ची आहेत.» यातल्या क्रियापदांकडे बघा. दिसले, वाटले, म्हणाला ही एकेकदा घडून संपलेली कामे आहेत, आणि ग्रीकमध्येही तिथे तसाच भूतकाळ आहे. «जमेना»च्या जागी मात्र ग्रीकमध्ये चालू राहिलेल्या स्थितीचा भूतकाळ येतो. धडपड एका क्षणात संपलेली नाही. मराठीतले «जमेना» हे रूप ती छटा किती सहज पकडते! रोमन कवी फीड्रसने हीच गोष्ट लॅटिन पद्यात केली. त्याने द्राक्षांसाठीच्या धडपडीला «झेपावत होता»सारखे रूप वापरले आणि मग एका सपाट «स्पर्श करता आला नाही»ने ती धडपड संपवली.

म्हणजे साधा भूतकाळ हा गोष्टीचा कणा. प्रत्येक पाऊल त्याने पुढे पडते. चालू स्थिती दाखवायची तेवढ्यापुरती दुसरी रूपे. नवशिक्याच्या वहीत बिघडते ते इथेच. «कोल्हा येत होता, बघत होता, उड्या मारत होता, जात होता» असे लिहिले की काहीच घडत नाही, सगळे नुसते चालू राहते. दुसरी चूक उलट्या बाजूने होते. कोल्ह्याचे बोलणेही ओढून भूतकाळात नेले जाते: «कच्ची होती.» पण अवतरणचिन्हांत पात्राचा स्वतःचा वर्तमान असतो.

थिऑनच्या वर्गात तर गोष्टीच्या वाक्यांचा व्याकरणासाठी खास छळ होई. तीच गोष्ट एकवचनात, अनेकवचनात, वेगवेगळ्या विभक्तींत, आणि «असे म्हणतात की...» या अप्रत्यक्ष घाटात फिरवून सांगायची. लेखनाचा सराव आणि रूपे चालवणे तेव्हा एकच काम होते. आपल्याकडे «कोल्हा पळाला» पण «कोल्ह्याने द्राक्षे पाहिली» (क्रियापद द्राक्षांच्या मागे गेले) हे बसवायला अशी दोन-तीन वाक्यांची गोष्ट त्यामुळेच सोयीची पडते.

राहिले तात्पर्य. ते नेहमी शेवटीच नव्हते. पंचतंत्रात बहुधा आधी बोधाचा श्लोक येतो, ऐकणारा «कथमेतत्?» म्हणजे «ते कसे?» विचारतो आणि मग गोष्ट सुरू होते. ग्रीक परंपरेतही गोष्टीच्या आधीचा बोध आणि नंतरचा बोध यांना वेगवेगळी नावे होती: प्रोमिथियम आणि एपिमिथियम. इसापच्या कथांचे अभ्यासक बेन एडविन पेरी यांचे म्हणणे असे की आधीची ओळ मुळात बोध नव्हतीच, ती अनुक्रमणिकेसारखी खूण होती. भाषण तयार करणाऱ्याने संग्रह चाळावा आणि «हे अमक्या प्रसंगी सांगण्यासाठी» अशी ओळ पाहून गोष्ट उचलावी. पुढे लोक गोष्टी गोष्टींसाठीच वाचू लागले. तेव्हा ती खूण शेवटी सरकली आणि शिकवण झाली. मला हे पटते, कारण पुष्कळ जुनी तात्पर्ये गोष्टीला ओढूनताणून चिकटवल्यासारखी वाटतात.

कोल्ह्याचेच घ्या. ग्रीक गद्यातले तात्पर्य असे: काही माणसे स्वतःच्या दुबळेपणामुळे अपयशी ठरली की परिस्थितीला दोष देतात. फीड्रसचे वेगळे: जे करता येत नाही त्याला जे शब्दांनी हिणवतात, त्यांनी हे उदाहरण स्वतःला लावून घ्यावे. गोष्ट एक, बोध दोन. कोल्ह्याने परिस्थितीला दोष दिला का? नाही, त्याने द्राक्षांना नावे ठेवली. म्हणून फीड्रसचे तात्पर्य शेवटच्या वाक्यातून थेट निघते आणि ग्रीक तात्पर्य थोडे बाजूला पडते. थिऑनला मात्र यात वावगे काही वाटले नसते. एका गोष्टीला अनेक तात्पर्ये आणि एका तात्पर्याला अनेक गोष्टी असू शकतात, असे त्याने सांगून ठेवले आहे. दोन्ही तात्पर्यांत «देतात», «हिणवतात» असा वर्तमानकाळ आला आहे, हेही लक्षात घ्या. घडले ते भूतकाळात, पण ते कुणाला लागू पडते हे सांगताना काळ बदलतो, आणि तो बदल वाचणाऱ्याला ऐकू यायला हवा.

तात्पर्यावर सगळ्यात जोरदार हल्ला रूसोने 1762 साली «एमिल»मध्ये केला. कावळा आणि कोल्ह्याची फ्रेंच पद्यकथा ओळीओळीने सोलून त्याने विचारले, यातून मूल काय उचलेल? फसणाऱ्या कावळ्याला ते हसेल आणि कोल्ह्याच्या बाजूने उभे राहील. याच पुस्तकात पुढे तो म्हणतो की बहुतेक बोधकथांच्या शेवटी येणाऱ्या तात्पर्याइतके पोकळ काही नाही. वाचणाऱ्याने ते स्वतः शोधायचे असते आणि आपण ते सांगून त्याची मजा काढून घेतो.

एवढे होऊनही सराव टिकला. सीरियातल्या पाल्मायरा इथे 1881 साली मेणाच्या सात पाट्या मिळाल्या. त्या तिसऱ्या शतकातल्या असून आता नेदरलँड्समधल्या लायडनला आहेत. त्यांवर बाब्रियस या कवीच्या ग्रीक पद्यकथा एका शाळकरी हाताने उतरवल्या आहेत. शब्द चुकले आहेत आणि छंद जागोजागी मोडला आहे, क्विन्टिलियनने सांगितला होता तसा मुद्दाम नव्हे.